पहिली ग्रामसभा आणि सरपंचाची ओळख

गुलाल उतरतो, उपसरपंचाची निवड होते आणि काही दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची नोटीस लागते. सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या ग्रामसभेचं अध्यक्षस्थान सरपंचाकडे असतं, हे कायद्यानेच ठरवून दिलं आहे. त्या दिवशी नव्या सरपंचाने उभं राहून गावापुढे स्वतःची ओळख करून द्यायची असते. बहुतेक गावांत ती दोन वाक्यांत उरकते. सर्वांनी विश्वास टाकला त्याबद्दल आभार, सर्वांना सोबत घेऊन गावाचा विकास करू. टाळ्या, शाल, नारळ आणि पुढचा विषय.

‘ओळख कशाला, सगळं गाव ओळखतंच की,’ असं यावर कुणीही म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण गाव जिला ओळखतं ती कुणाची तरी सून असते, कुणाची जाऊ, बचत गटातली वहिनी. सरपंच म्हणून ती कशी वागणार, हे तिच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं. शिवाय समोर खुर्च्यांवर बसलेले अधिकारी तिला अजिबात ओळखत नाहीत. त्यांनी फक्त निकालाच्या कागदावर तिचं नाव वाचलेलं असतं. म्हणजे एकाच भाषणात दोन वेगवेगळ्या श्रोत्यांशी बोलायचं असतं. शेजाऱ्यांना नातं माहीत असतं पण पदाचा अंदाज नसतो, आणि अधिकाऱ्यांना पद माहीत असतं पण माणूस नाही. दोघांनाही उपयोगी पडेल अशी ओळख कशी असते, ते एका नमुना गावावरून पाहू.

समजा, गावाची लोकसंख्या 1,800 आहे. इतक्या लोकवस्तीला नऊ सदस्य मिळतात आणि थेट जनतेतून निवडून आलेला सरपंच त्यांच्याशिवाय वेगळा. यंदा सरपंचपद महिलेसाठी राखीव आहे. निवडून आलेल्या ताई दहावी शिकलेल्या आहेत, शिवणकाम करतात आणि बरीच वर्षं बचत गटाच्या सचिव आहेत. नऊपैकी तीनच सदस्य त्यांच्या पॅनेलचे आले आहेत, उरलेले सहा समोरच्या पॅनेलचे.

ही अवस्था आता अगदी नेहमीची झाली आहे. पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडत, त्यामुळे सरपंचाच्या पाठीशी निदान पहिल्या दिवशी तरी बहुमत असे. 2017 साली राज्यात थेट निवडणूक आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडणुकीत सरपंचाला सगळं गाव मत देतं आणि सदस्याला त्याचा प्रभाग. दोन्ही कौल खरे असतात आणि दोन्ही एकाच टेबलाशी येऊन बसतात. मासिक सभेत ठराव बहुमताने होतात. म्हणून आमच्या या ताईंनी पहिल्या ग्रामसभेत समोरच्या सहा जणांना दुखावलं, तर पुढची पाच वर्षं साधी पाण्याची मोटर दुरुस्त करायची तरी रुसवेफुगवे काढावे लागतील.

भाषणाआधी एक गोष्ट पाहायची असते: ऐकायला माणसं असणार का? ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. आपल्या गावात 1,300 मतदार धरले तर 15 टक्के म्हणजे 195 होतात, म्हणून इथे 100 माणसं पुरेत. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. अनेक गावांत याच वाटेने कारभार चालतो. पहिली सभा मुद्दाम गैरसोयीच्या वेळी ठेवायची, ती तहकूब करायची आणि दुसरी वीस माणसांत उरकायची. दुसरी युक्ती हजेरी वहीची. वही घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या की कागदावर शंभर माणसं हजर होतात आणि सतरंजीवर तीस. सरपंचताईंनी नोटीस निघतानाच वेळ ठरवण्यात लक्ष घालावं, दवंडी द्यायला लावावी आणि आधी होणारी महिला सभा मनावर घेऊन भरवावी. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. तिथे बोललेल्या बायका दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला येतात, आणि मागच्या भिंतीशी उभ्या न राहता पुढे बसतात.

आता प्रत्यक्ष भाषण. नमस्कार आणि नावं घेण्यातच निम्मा वेळ जाऊ देऊ नये, पण क्रम मात्र विचारपूर्वक ठेवावा. ही सभा मतदारांची आहे, अधिकारी पाहुणे म्हणून आलेले आहेत. म्हणून ‘ग्रामसभेला आलेले सगळे तात्या, आबा, मावश्या, काकू, भाऊ आणि वहिनी’ आधी, मग पंचायतीचे सदस्य, त्यांतही समोरच्या पॅनेलच्या सदस्यांची नावं घेऊन, आणि शेवटी ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब, तलाठी, मुख्याध्यापक, कृषी सहायक, अंगणवाडी सेविका, आशाताई. हा क्रम उलटा झाला की सभेचा सूरच बदलतो. लोक अर्जदारासारखे बसतात.

मग स्वतःबद्दल. इथे शिक्षण लपवणं किंवा फुगवणं, दोन्ही नडतं. ताईंनी असं म्हणावं: ‘मी दहावी शिकले आहे. बचत गटाचं रोकड पुस्तक मी स्वतः लिहिते, त्यामुळे जमा कुठे आणि खर्च कुठे हे मला वाचता येतं. कायद्याची भाषा अजून शिकते आहे. मला न समजलेल्या कागदावर मी सही करणार नाही, त्यासाठी एखादा दिवस जास्त लागला तर सांभाळून घ्या.’ या चार वाक्यांनी दोन्ही श्रोत्यांना हवी ती माहिती मिळते. शेजाऱ्यांना कळतं की वहिनी आकड्यांना घाबरत नाहीत. भाऊसाहेबांना कळतं की नोंदवही आधी दाखवावी लागेल, आणि सहीच्या जागी नुसतं बोट ठेवून चालणार नाही.

निवडणुकीचा विषय टाळू नये. सगळ्यांच्या मनात तोच असतो. ‘सहा सदस्य माझ्या पॅनेलचे नाहीत. त्यांना त्यांच्या प्रभागाने निवडून दिलं आहे आणि मला गावाने. त्यांच्या प्रभागातलं काम माझ्याकडे त्यांच्याच तोंडून येऊ द्या,’ एवढं पुरे. यात त्या सहा जणांचा मान राहतो आणि एक व्यवहारही ठरतो. उद्या त्या प्रभागातली माणसं सदस्याला वगळून थेट सरपंचाच्या ओट्यावर आली, तर त्यांना कुठे पाठवायचं ते आज सगळ्यांसमोर ठरलेलं असतं.

यानंतरचा भाग अवघड आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. गावात कुणाचे कुणाशी संबंध आहेत हे लपून राहत नाही. म्हणून ते आपणच सांगून टाकावेत. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याने स्वतः अगर भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवला, तर तो अपात्र ठरू शकतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या 14व्या कलमात ही तरतूद आहे. आपल्या ताईंच्या धाकट्या दिरांकडे जेसीबी आहे असं धरू. ‘माझ्या दिरांचं मशीन आहे, सगळ्यांना माहीत आहे. मी सरपंच असेपर्यंत ते पंचायतीच्या कामावर लागणार नाही. माझ्या सासऱ्यांच्या घराची घरपट्टी थकलेली होती, ती भरली आहे, पावती कार्यालयात पाहायला मिळेल.’ हे बोलायला धैर्य लागतं, कारण संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसायचं असतं. म्हणून हे घरात आधी बोलून घ्यावं आणि मगच माईकवर सांगावं. एकदा शंभर माणसांत सांगितलं की घरच्यांनाही नाही म्हणायला सोपं जातं. उद्या दिरांनी आग्रह धरला तर ताईंना वाद घालावा लागत नाही, ग्रामसभेचं नाव पुढे करता येतं.

नवऱ्याचा विषय याच ओघात येतो. राज्यात पंचायतींमध्ये स्त्रियांना 50 टक्के आरक्षण आहे, आणि निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसणारे ‘सरपंचपती’ही सर्वांनी पाहिलेले आहेत. हा प्रश्न फक्त महाराष्ट्राचा नाही. 2023 साली केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने त्यावर अभ्यास समितीच नेमली होती. पहिल्या सभेत हा प्रकार ओळखायच्या खुणा साध्या असतात. भाऊसाहेब फाईल कुणापुढे सरकवतात? प्रश्न ताईंना विचारला तर उत्तर कोण देतं? माईक बंद पडल्यावर तो कुणाच्या हातात जातो? आपल्या ताईंनी नवऱ्याचा अपमान न करता रेघ ओढावी: ‘आमचे हे मतदार म्हणून तुमच्यात बसले आहेत. पंचायतीचं काम असेल तर फोन माझ्या नंबरवर करा, तो फलकावर लिहिला आहे.’ नवरे समजूतदार असतील तर ते आधीच समोरच्या सतरंजीवर जाऊन बसतात, आणि त्याने भाषणाचं निम्मं काम होतं.

आता पैशाचं. नव्या सरपंचाने आकडा सांगू नये, अडकायला होतं, असा सल्ला जुनी माणसं देतात. मला तो पटत नाही. अडकायला होतं ते भविष्यातल्या आकड्यांनी. आजची शिल्लक आणि आजची थकबाकी सांगितल्याने कुणी अडकत नाही, उलट पाच वर्षांनी कुठून सुरुवात झाली होती हे दाखवता येतं. त्यासाठी सभेआधी दोन संध्याकाळी कार्यालयात बसून तीन गोष्टी पाहाव्यात: रोकड वहीतली शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळते का, घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी किती आणि वसुली किती, आणि शेवटच्या लेखापरीक्षणात कोणते आक्षेप आहेत. लेखापरीक्षणाची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे ठेवायचीच असतात, त्यामुळे ती मागायला संकोच नको.

आपल्या गावात करांची वर्षाची मागणी 4,20,000 रुपये आहे आणि वसुली 2,52,000, म्हणजे 60 टक्के, असं धरू. हा आकडा नुसता वाचला तर लोक मान खाली घालतील, फार तर एखादा उठून म्हणेल की आधी पुढाऱ्यांची थकबाकी वाचा. म्हणून त्याला जोडून पुढची गोष्ट सांगावी. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. दुसरं उत्पन्न बाजूला ठेवून फक्त करांचा हिशेब केला, तर 2,52,000 वर दिव्यांगांच्या वाट्याला 12,600 येतात. पूर्ण वसुली झाली असती तर 21,000 आले असते. महिला-बालकल्याणाचे 25,200 चे 42,000 झाले असते. अंगणवाडीच्या मुलांना बसायला सतरंज्या का नाहीत, याचं उत्तर आपल्या थकलेल्या पावतीत आहे, हे असं समोर येतं. ताईंनी एवढंच विचारावं, ‘राहिलेले 1,68,000 आपण कधी भरायचे?’ आणि थांबावं. कुणाचंही नाव वाचू नये. थकबाकीदारांची यादी वाचायची वेळ पहिली ग्रामसभा नव्हे. त्या दिवशी यादी वाचली की ती पराभूत पॅनेलची यादी वाटते, मग ती कितीही खरी असो.

वित्त आयोगाच्या पैशाबद्दल लोकांच्या मनात मोठे गैरसमज असतात. ‘गावाला लाखो रुपये आले’ अशी वार्ता असते आणि ते कशावर खर्च करता येतात हे कुणी सांगत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत मोठा हिस्सा बंधित होता. सुरुवातीच्या वर्षानंतर 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती. त्यातून मंदिराचा सभामंडप होत नाही, मग गावाने एकमुखाने ठराव केला तरी. हे आधी सांगितलं की पुढे सरपंचावर पैसे दडवल्याचा आरोप होण्याचं एक कारण कमी होतं.

याच निधीशी जोडलेली एक छोटी वस्तू आहे, जिच्याबद्दल प्रत्येक नव्या सरपंचाने पहिल्या सभेत बोललंच पाहिजे असं मला वाटतं. ती म्हणजे डिजिटल सहीचा डोंगल. पूर्वी धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत. आता वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. पंचायतीचा सचिव रक्कम भरतो आणि सरपंच ती तपासून मंजूर करतो, दोघेही आपापल्या डोंगलने. पण व्यवहारात सरपंचाचा डोंगल आणि पासवर्ड कुठे असतो? पुष्कळदा कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर संगणक चालवणाऱ्या मुलाकडे. म्हणजे दोन सह्यांची अट कागदावर राहते आणि दोन्ही सह्या एकाच खोलीत होतात. नंतर चौकशी लागली तर नाव सरपंचाचं निघतं. ताईंनी सभेत सरळ सांगावं, ‘डोंगल माझ्याकडे राहील. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार ते सहा मी कार्यालयात असेन, मंजुरी तेव्हाच होईल, आणि कशाला किती दिले ते त्याच संध्याकाळी फलकावर लिहिलं जाईल.’ इथे आवाज चढवायची गरज नाही. भाऊसाहेबांवर संशय न घेता हे बोलता येतं, कारण ही व्यवस्था त्यांचंही रक्षण करते. सरपंचाच्या नावावर त्यांनी परस्पर पैसे काढले, असं मग कुणी म्हणू शकत नाही.

यापुढे लोकांना जे ऐकायला आवडत नाही ते. सातबारावरची नोंद तलाठ्याकडे, मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडे, रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेकडे, डीपी जळाली तर वीज कंपनीकडे. घरकुलाची यादी सर्वेक्षणातून येते आणि ग्रामसभेत वाचली जाते, सरपंच त्यात आपल्या मनाने नाव घालू शकत नाही. प्रचारात यांतली निम्मी कामं ‘करून देतो’ म्हणून सांगितलेली असतात. ताईंनी ती परत घ्यावीत आणि त्याच दमात आपल्या हातातलं काय आहे ते सांगावं: जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणी, नमुना 8 चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला. हे दाखले लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात. ‘उद्या या’ असं तीनदा ऐकावं लागलं तर मला फोन करा, हे आश्वासन लहान वाटतं, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याची किंमत फार असते.

अधिकाऱ्यांशी बोलताना दोन चुका होतात. एक तर त्यांच्यापुढे फार वाकणं, ‘साहेबांच्या मार्गदर्शनाखाली’ असं दर वाक्याला म्हणणं. दुसरी म्हणजे गावासमोर त्यांना फैलावर घेऊन टाळ्या मिळवणं. गावात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कामावर लक्ष ठेवायचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि गैरप्रकार गटविकास अधिकाऱ्यांना कळवता येतो. अधिकार असला की ओरडावं लागत नाही. आपल्या ताईंनी प्रत्येकाला एकच ठोस प्रश्न विचारावा आणि उत्तर सभेतच घ्यावं. तलाठी कोणत्या वारी गावात असतात? आशाताईंकडे रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतात का? शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का? मुख्याध्यापक म्हणाले की टाकी आहे पण नळजोडणी नाही, तर ताईंना पहिलं काम मिळालं आणि मुख्याध्यापकांना कळलं की सरपंच तपशील विचारतात.

हे सगळं आठ-दहा मिनिटांत बसतं. कागदावरून वाचलं तरी हरकत नाही, आकडे तर वाचूनच सांगावेत. मध्ये कुणीतरी उठून जुनं भांडण काढेल, बहुतेक गटारीचं किंवा रस्त्याच्या वळणाचं. त्याला गप्प बसवू नये. ‘नोंद घेते, आयत्या वेळच्या विषयात बोलू’ असं म्हणून खरोखरच त्याचं नाव आणि विषय समोरच्या वहीत लिहावा. लिहिताना दिसलं की माणूस बसतो.

आणि भाषण संपलं म्हणजे काम संपलं नाही. सरपंच जे बोलल्या ते भाषण आहे, ठराव नव्हे. डोंगल कुणाकडे, कार्यालयाची वेळ कोणती, फलकावर काय लिहायचं, घरच्या मशीनला काम नाही, यांतलं जे पाच वर्षं टिकायला हवं ते सूचक आणि अनुमोदकाच्या नावानिशी ठराव म्हणून प्रोसिडिंगला घालावं लागतं. सूचक समोरच्या पॅनेलचा मिळाला तर उत्तमच. सही करण्याआधी ताईंनी इतिवृत्त जागेवरच मोठ्याने वाचायला लावावं आणि शेवटच्या ओळीला चिकटूनच सही करावी. खाली मोकळी जागा उरली तर तिच्यावर तिरकी रेघ मारावी, म्हणजे नंतर एखादा ठराव त्यात शिरत नाही. पुढच्या ग्रामसभेची सुरुवात हेच इतिवृत्त वाचून होते. आज सतरंजीवर बसलेली बाई तेव्हा उठून विचारू शकते, ‘ताई, मंगळवारचं काय झालं?’